उत्तरसूचीच्या दुरुस्तीची दुरुस्ती

आमच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या सरांना मुलं पाठीमागे 'पूर्णविराम' म्हणत. सर एखादी गोष्ट सांगून झाली की हवेत खडूने टिंब काढत आणि म्हणत, "पूर्णविराम." म्हणजे आता यावर चर्चा नको. गंमत अशी की चर्चा करायला जागाही नसायची. सरांचं चुकायचंच नाही. मी रसायनशास्त्र शिकवते. शिक्षकांच्या खोलीत गेली कित्येक वर्षं आमची टेबलं एकमेकांना लागून आहेत, त्यामुळे खात्रीने सांगू शकते. माझ्या प्रश्नपत्रिकेत काहीतरी राहायचंच. कुठे एखादा बाण उलटा, कुठे प्रश्न सातनंतर थेट नऊ. सर माझी प्रश्नपत्रिका हातात घेत, चष्मा कपाळावर चढवत आणि काही न बोलता पेन्सिलने एक गोल काढून परत देत. त्या गोलाचा मला जाम राग यायचा.

उंच, सडपातळ, शर्टाच्या खिशात दोन पेनं. एक लाल, एक हिरवं. लाल तपासायला आणि हिरवं, लालने काही चुकलंच तर दुरुस्त करायला. हिरव्या पेनाची शाई वाळून गेली होती, इतकं ते पडून असायचं.

सरांच्या घराच्या वरच्या मजल्यावर त्यांचा थोरला भाऊ राहतो. त्या भावाचा मुलगा आमच्याच शाळेत नववीत होता. लहानपणी अगदी एवढासा होता म्हणून घरात त्याला टिल्लू म्हणायला लागले, आणि आता तो दारातून वाकून आत येतो तरी टिल्लूच. मुलगा लाघवी, खेळात पुढे, कुणाच्याही मदतीला धावणारा. फक्त विज्ञान म्हटलं की त्याचे डोळे खिडकीबाहेर जायचे. "काका, तुम्ही शिकवता तेव्हा सगळं कळतं," तो म्हणायचा, "पण पेपर बघितला की ते मला ओळखच दाखवत नाही."

तर त्या सत्रात नववीची घटक चाचणी झाली. वीस बहुपर्यायी प्रश्न, प्रत्येकी दोन गुण, एकूण चाळीस. चौदा मिळाले की पास. शेजारच्याच्या पेपरात डोकावता येऊ नये म्हणून दोन संच काढले होते, अ आणि ब. प्रश्न तेच, पण क्रम वेगळा आणि पर्यायांचाही क्रम वेगळा. चाचणी झाल्यावर दुसऱ्या दिवशी सरांनी उत्तरसूची नोटीस बोर्डावर लावली, पेपर तपासले, वर्गात वाटून मुलांना दाखवले आणि परत गोळा करून कपाटात ठेवले. नेहमीसारखं.

टिल्लूला बरोबर चौदा मिळाले.

विज्ञानात पास व्हायची त्याची ही पहिलीच वेळ. त्या संध्याकाळी सरांच्या वहिनी जिन्यावरून खाली आल्या त्या उड्या मारतच म्हणायच्या. "भावोजी, तोंड गोड करा! माझा मुलगा पास झाला!" सर म्हणाले, "वहिनी, चौदा म्हणजे काठावर..." पण वहिनींना काठ दिसतच नव्हता. त्यांनी बहिणीला फोन केला, मावशीला केला, शिवणकाम करणाऱ्या बाईंना केला. थोरले भाऊ वर्तमानपत्रामागून एवढंच म्हणाले, "अभिनंदन बुवा." त्यांच्याकडून एवढं म्हणजे ढोलताशेच.

दोन दिवसांनी मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीच्या दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. ही 'शंका'. तिला हे नाव मुलांनीच दिलं होतं आणि ती ते अभिमानाने मिरवायची. हात जोडल्यासारखे करून म्हणाली, "सर, एक शंका आहे."

"प्रश्न कितवा?" सर डबा उघडतच होते.

"नववा. संच अ. ते दोन दिव्यांचं."

प्रश्न असा होता: एकाच विद्युतदाबासाठी बनवलेला शंभर वॉटचा आणि चाळीस वॉटचा, असे दोन तारेचे दिवे एकसर जोडले, तर कोणता जास्त प्रकाश देईल? सूचीत उत्तर होतं (अ), शंभर वॉटचा.

"मी चाळीस लिहिलं, तर चूक दिलंय," शंका म्हणाली.

"शंभर वॉट. जास्त वॉट, जास्त प्रकाश," सर म्हणाले आणि हवेत टिंब काढलं. "पूर्णविराम."

शंका हलली नाही. "पण सर, तुम्हीच शिकवलं होतं की एकसर जोडणीत दोन्हींतून धारा एकच जाते. मग ज्याचा रोध जास्त, त्यात जास्त शक्ती खर्च होणार ना? आणि चाळीसवाल्याचा रोध जास्त असतो."

"अगं, समांतर जोडणीत..." सर बोलायला लागले आणि तिथेच थांबले.

त्यांनी डबा बाजूला सरकवला, माझ्या टेबलावरचं वर्तमानपत्र ओढलं आणि त्याच्या कडेच्या कोऱ्या पट्टीवर दोन गोल आणि रेघा काढल्या. मग कपाटातून प्रश्नपत्रिका काढली. वाचली. पुन्हा वाचली.

"तू जा वर्गात," सर शेवटी म्हणाले. "तुझं बरोबर आहे. मी बघतो."

ती गेल्यावर ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, गेल्या वर्षी हा प्रश्न समांतर जोडणीचा होता. तेव्हा उत्तर शंभरच. यंदा मुलांना जुना पेपर पाठ असेल म्हणून मी 'समांतर'चं 'एकसर' केलं. शब्द बदलला, उत्तर बदलायचं राहिलं."

खरं सांगते, क्षणभर मला आनंद झाला. इतक्या वर्षांच्या पेन्सिलच्या गोलांचा हिशेब चुकता झाल्यासारखा. पण त्यांचा चेहरा बघून तो टिकला नाही. माणूस जिन्याची शेवटची पायरी आहे समजून पाय टाकतो आणि तिथे पायरीच नसते, तसे ते दिसत होते.

दुपारी त्यांनी दोन्ही तुकड्यांचे पेपर काढून नुसता तो एक प्रश्न बघितला. चाळीस लिहिणारे थोडे, शंभर लिहिणारे भरपूर. म्हणजे सूची सुधारली की वर जाणारे कमी आणि खाली येणारे जास्त. पेपर उलटता उलटता त्यांचा हात एका पेपरवर थांबला. अक्षर ओळखीचं. टिल्लूनेही शंभरच लिहिलं होतं. चौदातून दोन गेले की बारा.

"घ्या," सर म्हणाले. "आता वहिनी."

शाळेच्या मुख्याध्यापिकांना आम्ही सगळे मोठ्या बाई म्हणतो. सर मला बरोबर घेऊनच त्यांच्या खोलीत गेले. मोठ्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्यांच्या टेबलावर एक छोटा पंखा असतो, तो त्यांनी सरांच्या दिशेने वळवला.

"एवढंच ना? मग ज्यांचं बरोबर होतं त्यांना गुपचूप दोन-दोन वाढवून टाका. बाकीच्यांचे राहू द्या. गुणपत्रक अजून कार्यालयात दिलेलं नाही तुम्ही. कुणाला कळणारसुद्धा नाही. उगीच नोटीस लावायची, पालक यायचे, माझं डोकं खायचे."

"पण बाई, चुकीचं उत्तर बोर्डावर लागलंय. मुलांनी वह्यांत उतरवून घेतलंय. वार्षिक परीक्षेला तेच लिहितील," सर म्हणाले. "नोटीस तर लावावीच लागेल. आणि 'शंभर' लिहिणाऱ्यालाही दोन आणि 'चाळीस' लिहिणाऱ्यालाही दोन, असं कसं? दोघं उलट बोलतायत."

"मग सगळ्यांचे नव्या सूचीने तपासा."

"तिथेच अडलंय. त्यात माझा पुतण्या नापास होतो. मी गुण ठेवले तर लोक म्हणतील पुतण्यासाठी ठेवले. आणि लोक काय म्हणतील या भीतीने कापले, तर बाकीच्या मुलांवर तो अन्याय. काहीही ठरवलं तरी टिल्लू मधे येतो. म्हणून हे मी ठरवू नये. तुम्ही ठरवा, किंवा या बाई ठरवू देत."

आणि त्यांनी चक्क माझ्याकडे बोट केलं!

मोठ्या बाईंना बला टळल्याचा आनंद झाला. "उत्तम. बाई, तुम्ही सांगा. मी सही करते."

मी एक रात्र मागून घेतली, पण खरं तर जिना उतरतानाच माझं ठरलं होतं. चुकीची सूची लागली ती चाचणीनंतर. पेपर लिहिताना ती कुणाच्या समोर नव्हती. म्हणजे सूचीमुळे फसून कुणी 'शंभर' लिहिलं असं झालेलंच नाही. ज्यांनी लिहिलं, त्यांनी आपल्या डोक्याने लिहिलं. मग उत्तर बरोबर त्याला गुण, चूक त्याला नाही. वाईट वाटेल, पण नुकसान नाही. प्रश्नच जर चुकीचा छापला गेला असता, चारातला एकही पर्याय बरोबर नसता, तर गोष्ट वेगळी होती. मग सगळ्यांनाच दोन गुण द्यावे लागले असते. इथे प्रश्न ठणठणीत होता, सूची आजारी होती. आणि यामुळे कुणी पासाच्या खाली गेलंच, तर नापासांसाठी फेरपरीक्षा असतेच. त्यात त्यांनी बसावं, बाकीच्यांसारखं.

सकाळी मोठ्या बाईंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "लिहून द्या," आणि सही केली. सरांनी मान डोलावली. त्यांच्या अंगावरचं ओझं उतरलं की वाढलं, मला कळलं नाही.

मग नोटीस. सर भौतिकशास्त्र जितकं सरळ शिकवतात तितकंच वाकडं लिहितात. पहिला मसुदा त्यांनी घरी बायकोला दाखवला. ती पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारींच्या खिडकीवर बसते, त्यामुळे नोटीस वाचून माणसं कशी भडकतात यातली ती जाणकार. मसुद्याची सुरुवात होती: 'काही अपरिहार्य तांत्रिक कारणांमुळे उत्तरसूचीत किंचित त्रुटी उद्भवल्याचे निदर्शनास आले असून...'

"कुणी उद्भवली?" तिने विचारलं.

"म्हणजे?"

"त्रुटी आपली आपण उद्भवली? पावसाळ्यातल्या अळंबीसारखी?"

"बरं बाई, मी केली."

"मग तसं लिहा. आणि आधी हे लिहा की मार्क कुणाचे वाढणार, कुणाचे कमी होणार. आमच्याकडे लोक खिडकीशी आले की विचारतात, माझं पाणी कधी येणार? त्यांना जलवाहिनीचा व्यास नको असतो."

सरांनी ऐकलं. नको तितकं ऐकलं. दुसऱ्या दिवशी बोर्डावर जी नोटीस लागली तिच्यात वरच्या ओळी ठळक होत्या: 'प्रश्न ९ चे उत्तर (अ) चूक. बरोबर उत्तर (ब). चूक माझी आहे. (ब) लिहिणाऱ्यांचे दोन गुण वाढतील, (अ) लिहिणाऱ्यांचे दोन गुण कमी होतील.' आणि दिव्यांचं सगळं स्पष्टीकरण खाली, बारीक अक्षरात.

मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि व्हरांड्यात असा काही गलका उठला की मला वाटलं कुणी पडलं. बाहेर येऊन बघते तर नोटीस बोर्डासमोर अर्धी नववी नाचतेय आणि अर्धी नववी रडकुंडीला आलीय. सर गर्दीतून वाट काढत पुढे गेले.

"सर, पण भिंगाच्या प्रश्नाचं उत्तर (ब) कसं असेल?" एकजण ओरडला.

"भिंगाचा काय संबंध?"

"नववा प्रश्न भिंगाचाच होता!"

"दिव्यांचा होता!" दुसरा.

"अरे, भिंगाचा! माझ्याकडे पेपर आहे!" तिसऱ्याने प्रश्नपत्रिकाच फडकवली. तिच्या कोपऱ्यात छापलं होतं: संच ब.

सरांनी कपाळाला हात लावला. संच ब मध्ये नववा प्रश्न भिंगाचा होता, आणि दैवयोग असा की त्याचं बरोबर उत्तर (अ) होतं. दिव्यांचा प्रश्न तिथे चौदावा, आणि चाळीस वॉटचा पर्याय (ब) नव्हे, (ड). नोटिशीत संचाचा उल्लेखच नव्हता. त्यामुळे संच ब च्या ज्या ज्या मुलांनी भिंगाचं बरोबर उत्तर लिहिलं होतं, ती सगळी आता दोन गुण गेले म्हणून गळे काढत होती. खाली बारीक अक्षरात दिव्यांचं सगळं लिहिलेलं होतं म्हणा, पण वर मार्क कमी झाल्याचं वाचल्यावर खालचं कोण वाचतो?

"सर," मागून शंकाचा आवाज आला, "या नोटिशीचीच दुरुस्ती लागेल."

सगळे हसले. मी सरांकडे बघितलं. मला वाटलं आता चिडतील. पण त्यांच्या तोंडाचा कोपरा हलला, आणि मग ते स्वतःच खो खो हसायला लागले. व्हरांड्यात उभे राहून, चष्मा काढून, डोळे पुसत. सरांना असं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. मुलं आधी दचकली आणि मग ज्यांचे गुण जाणार होते तीसुद्धा हसायला लागली.

दुसरी नोटीस सरांनी पुढच्या सकाळी शिक्षकांच्या खोलीत बसून, माझ्यासमोर लिहिली. प्रत्येक ओळ मला मोठ्याने वाचून दाखवली. शेवटी जे बोर्डावर लागलं ते असं:

'इयत्ता नववी, दोन्ही तुकड्या. भौतिकशास्त्र घटक चाचणी.

आधीची उत्तरसूची एका उत्तरापुरती चुकीची होती. ती दुरुस्त करणारी कालची नोटीसही अपुरी होती, कारण मी संच लिहिला नाही. दोन्ही चुका माझ्या. काल लावलेली नोटीस रद्द समजावी.

फक्त दोन दिव्यांच्या प्रश्नाचे उत्तर बदलले आहे. बरोबर उत्तर: ४० वॉटचा दिवा. संच अ मध्ये हा प्रश्न ९ आहे. (अ) ऐवजी (ब) बरोबर. संच ब मध्ये हा प्रश्न १४ आहे. (ब) ऐवजी (ड) बरोबर. भिंगाच्या प्रश्नासह बाकी सर्व उत्तरे पूर्वीप्रमाणेच आहेत.

ज्यांनी ४० वॉट लिहिले, त्यांचे दोन गुण वाढतील. ज्यांनी १०० वॉट लिहिले, त्यांना चुकून मिळालेले दोन गुण कमी होतील. ज्यांनी तिसरेच उत्तर लिहिले किंवा जागा कोरी सोडली, त्यांच्या गुणांत बदल नाही. प्रश्न बरोबर असल्यामुळे सर्वांना सरसकट गुण देता येणार नाहीत. एकूण गुण चाळीसच राहतील.

कारण: एकसर जोडणीत दोन्ही दिव्यांतून सारखीच धारा वाहते. ४० वॉटच्या दिव्याचा रोध जास्त, म्हणून त्यात जास्त शक्ती खर्च होते आणि तो जास्त उजळतो. वहीत उतरवलेले उत्तर कृपया बदलून घ्यावे.

प्रत्येक पेपरवर जुनी बेरीज खोडून नवी लिहिली जाईल व शेजारी माझी सही असेल. उद्या आणि परवा मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेत येऊन प्रत्येकाने आपला पेपर पाहावा. शंका असल्यास तिथेच विचारावी. त्यानंतरच गुणपत्रक कार्यालयात जाईल. सुधारित गुणांनुसार जे चौदाच्या खाली येतील, त्यांनी नेहमीच्या फेरपरीक्षेस बसावे.'

"'शंका असल्यास' यात मुलीचं नाव आल्यासारखं वाटतं," मी म्हटलं.

"येऊ दे," सर म्हणाले. "तिचा हक्कच आहे."

शाळेचं असं निस्तरलं. आता घर राहिलं होतं.

सरांनी वहिनींना स्वतः वर जाऊन सांगितलं. नोटीस बोर्डावरून कळण्यापेक्षा ते बरं. वहिनींनी सगळं ऐकलं आणि पदर खोचला.

"भावोजी, दोन मार्क म्हणजे काय तुमच्या खिशातले जात होते?"

"वहिनी, माझ्या खिशातले असते तर चार दिले असते. पेपरातले आहेत."

"जगात सगळे काका पुतण्यांना वर काढतात. माझ्याच नशिबी असा काका, स्वतः चुकायचं आणि पोराला नापास करायचं! मी आता माझ्या बहिणीला काय सांगू?"

वहिनींनी बोलणं बंद केलं. म्हणजे सरांशी. सरांबद्दल त्या भरपूर बोलत होत्या, आणि जिन्यात उभं राहून बोलत असल्यामुळे खाली सगळं ऐकू येत होतं.

टिल्लूला मात्र काहीच वाटलं नसावं असं सगळ्यांना वाटत होतं. तो संध्याकाळी खाली आला, काकांच्या शेजारी धपकन बसला. "काका, मला आधीच वाटलं होतं. मला कुठले चौदा!"

"असं नको बोलूस."

थोडा वेळ तो पायाने फरशी घासत राहिला. मग म्हणाला, "आईने सगळ्यांना फोन केले ना, त्याचं वाईट वाटतंय. ती किती खूश होती." आणि लगेच, जणू तो विषय झटकून, "पण काका, खरं सांगा. शंभर हा चाळीसपेक्षा मोठा. मग चाळीसवाला जास्त कसा उजळेल? नोटीस मी वाचली. तुमचं ते रोध वगैरे. मला पटत नाही."

सर म्हणाले, "पटू नये असंच आहे ते. डोळ्यांनी बघायचंय?"

आता आली पंचाईत. तारेचे दिवे मिळतात कुठे हल्ली? काका-पुतण्या विजेच्या सामानाच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "तारेचे? कुणाच्या संग्रहालयासाठी पाहिजेत का?" मग माळ्यावर चढून, धूळ झटकत, त्याने चाळीस वॉटचा एक काढला. शंभराचा काही मिळेना. आणखी दोन दुकानं झाली. घरी आल्यावर टिल्लूने आईजवळ सहज विषय काढला. थोड्या वेळाने टिल्लू खाली आला तो हातात कापडात गुंडाळलेला शंभर वॉटचा दिवा घेऊन. पूर्वी त्यांच्या कोठीच्या खोलीत लागायचा तो.

"आईने दिलाय," टिल्लू म्हणाला. "पण ती तुमच्याशी बोलत नाहीये, असं सांगायला सांगितलंय."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेत मुलं पेपर बघायला आलीच होती. सरांनी लाकडी पाटीवर दोन होल्डर बसवले होते, आधी समांतर. मीही मागे जाऊन उभी राहिले. पडदे ओढले. बटण दाबलं. शंभरवाला लखलखला, चाळीसवाला त्याच्या शेजारी बिचारा दिसला.

"बघा!" टिल्लू म्हणाला.

"ही गेल्या वर्षीची प्रश्नपत्रिका," सर म्हणाले. त्यांनी बटण बंद केलं, प्लग काढला, दिवे निवू दिले, तारा सोडवून एकसर जोडल्या, पुन्हा प्लग लावला. "आता यंदाची."

बटण दाबलं. चाळीसवाला छान पेटला. शंभरवाला विझलेलाच वाटत होता. टिल्लू वाकून, नाक जवळजवळ काचेला लावून बघायला लागला. आतल्या तारेला जेमतेम लालसर रंग आला होता.

"अरे!" तो म्हणाला. एवढंच. मग पुन्हा म्हणाला, "अरे! काका, म्हणजे सर, पुन्हा करा."

सरांनी पुन्हा केलं. तिसऱ्यांदा टिल्लूच्या हातून तारा जोडून घेतल्या, अर्थात प्लग काढून. मुलांनी पेपर बघायचं सोडून दिव्यांभोवती कोंडाळं केलं होतं. शंकाने विचारलं, तार तापली की तिचा रोध वाढतो ना, मग गणिताने जितका फरक येतो त्याहून इथे जास्त का दिसतोय? सर म्हणाले, "तुझ्या प्रश्नातच उत्तर आहे. बसून काढ, उद्या वर्गात तू सांग." आणि ती तिथेच स्टुलावर बसून गणित करायला लागली.

त्या दोन दिवसांत सगळ्या पेपरांवर बेरजा बदलल्या. वाळलेलं हिरवं पेन गरम पाण्यात बुडवून चालू करावं लागलं. दोघांच्या पेपरात बेरजेतली साधी चूकही सापडली, ती सरांनी तिथल्या तिथे सुधारली. एक वडील तावातावाने आले होते. सरांनी त्यांच्यासमोर नोटीस ठेवली, पेपर ठेवला आणि दिवे लावून दाखवले. ते जाताना विचारत होते की त्यांच्या दुकानातल्या माळेतला एक दिवा नेहमी जास्त का पेटतो.

फेरपरीक्षेचा पेपर सरांनी काढला आणि तपासला मी, तशी आमची वाटणी ठरली होती. टिल्लूला बावीस मिळाले. विजेवरच्या प्रश्नांत त्याचा एकही चुकला नव्हता. भिंगाशी मात्र त्याची अजून ओळख झालेली नाही.

वहिनी त्या संध्याकाळी जिना उतरून आल्या. नेहमीसारख्या धडधडत नाही, सावकाश. दारात उभ्या राहून त्यांनी सरांना विचारलं, "भावोजी, बावीस म्हणतोय पोरगा. सूची नीट तपासलीय ना? संच वगैरे? नाही, मगच मी फोन करायला घेईन."

"बाईंनी तपासलंय, वहिनी. मी हातसुद्धा लावलेला नाही."

"मग ठीक आहे," त्या म्हणाल्या आणि फोन करायला वर गेल्या.

सर अजून शिकवतात. मुलांना आता त्यांचं ऐकून घेताना मधेच हात वर करायची सवय लागलीय आणि सर खडू खाली ठेवून ऐकतात. दर चाचणीआधी ते आपली प्रश्नपत्रिका माझ्याकडे देतात, सूचीशिवाय. मी ती मुलांसारखी बसून सोडवते, मग आम्ही उत्तरं ताडून बघतो. माझी ते सोडवतात. गेल्या आठवड्यात त्यांनी माझ्या पेपरात असंतुलित राहिलेलं एक समीकरण पकडलं. या वेळी पेन्सिलचा गोल नव्हता. माझ्या शेजारची खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "बाई, हे जरा मला समजावून सांगा. कदाचित माझंच चुकत असेल."

त्यांचं चुकत नव्हतं. मी समीकरण दुरुस्त केलं आणि दोघांसाठी चहा सांगितला.